फोटोचं स्केच करताना आजीची आजीच राहावी म्हणून

*आजीला पंचाहत्तरावं लागतंय. तिच्या फोटोचं पेन्सिल स्केच करून फ्रेम द्यायची आहे. मोबाईलवरच्या दोन-तीन ॲपमध्ये करून पाहिलं. रेषा छान येतात, पण ती आमची आजी वाटत नाही, दुसरीच कुणीतरी म्हातारी बाई वाटते. मला चित्र काढता येत नाही. कॉम्प्युटरवर जिम्प आहे. की पेंटिंगसारखं केलं तर बरं दिसेल?*

स्केचच करा. पेंटिंगचं शेवटी सांगतो. आधी आजी कुठे हरवते ते बघू, कारण ते एकदा कळलं की पुढचं काम सोपं आहे आणि त्याला चित्रकला यावी लागत नाही.

बहुतेक ॲप आणि कॉम्प्युटरवरची नेहमीची पद्धत आतून एकच गोष्ट करतात. फोटो करडा करायचा, त्याची एक प्रत उलटी, म्हणजे निगेटिव्ह करायची, ती धूसर करायची आणि मूळ फोटोवर `Dodge` मोडमध्ये ठेवायची. याचा हिशेब साधा आहे. प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला त्याच्या आजूबाजूच्या सरासरी उजेडाने भागलं जातं. कॉम्प्युटरवर काळा म्हणजे ० आणि पांढरा म्हणजे २५५. आजीचा गाल १३० आहे आणि त्याच्या आसपासही १३०च आहे, तर भागाकार १ येतो, म्हणजे कोरा पांढरा कागद. नातवाचा गोरा गाल १९० असेल, त्याच्याही आसपास १९०च, तोही कोरा पांढरा. सावळं-गोरं, गालाची गोलाई, डोळ्यांच्या खोबणीतली सावली, नाकाच्या एका बाजूचा अंधार, हे सगळं हळूहळू बदलणारं असतं. हळूहळू बदलणारं ते सगळं या भागाकारात पुसलं जातं. उरतं फक्त झटकन बदलणारं: पापण्या, चष्म्याची कड, साडीचा काठ आणि सुरकुत्या.

आता बघा, माणूस ओळखू येतो तो त्या मंद सावल्यांवरून. गल्लीच्या टोकाला आजी दिसली की तिच्या पापण्या दिसत नाहीत, तरी तुम्ही ओळखता. आणि सुरकुती खऱ्या चेहऱ्यावर अगदी फिकी असते, पण या हिशेबात ती पापणीच्या रेषेइतकी ठळक होऊन बसते. म्हणून ॲपमधली आजी दहा वर्षांनी म्हातारी आणि परकी दिसते. तरुण माणसाचं दुसरंच होतं. काळे केस मोठ्या भागात एकसारखे काळे असल्यामुळे तेही पांढरे होतात आणि तिशीतला मुलगा पिकल्या केसांचा दिसतो.

म्हणजे काम दोन आहेत: गेलेल्या सावल्या परत आणायच्या आणि माजलेल्या सुरकुत्या जागेवर बसवायच्या.

पण त्याआधी फोटो. माझ्याकडे स्टुडिओत जे बिघडलेले स्केच दुरुस्तीला येतात, त्यातल्या बऱ्याच वेळा दोष फोटोतच असतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून आलेली प्रत वापरू नका. ज्यांच्या फोनमध्ये मूळ आहे त्यांना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. दाबून लहान केलेल्या जेपेग फोटोत आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन तयार होतात. साध्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण स्केच केलं की गालावर बारीक जाळी उमटते. फोटो २०० टक्के मोठा करून गालावर नजर टाका. फरशीसारखे चौकोन दिसले तर दुसरी प्रत शोधा.

आजीचा नवीन फोटो काढणं शक्य असेल तर फार उत्तम. तिला दुपारी खिडकीजवळ अशी बसवा की उजेड एका बाजूने, जरा वरून येईल. फ्लॅश नको, फ्लॅशने समोरून सगळ्या सावल्या मरतात आणि मग परत आणायला काही उरतच नाही. फोन हातभर अंतरावर धरलात तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. दीड-दोन मीटर लांब उभे राहा आणि दुप्पट झूम करून काढा. आणि फोनमधलं ब्यूटी मोड बंद आहे ना हे आवर्जून बघा. त्यात कातडी पिठासारखी गुळगुळीत होते, आणि त्यावर कुठलंही स्केच मेणाच्या बाहुलीसारखं होतं. कॅमेऱ्याकडे बघून "हं, हसा" म्हटल्यावर येणारं हसू नको. तुम्ही कुणाशी तरी तिला बोलतं करा आणि बोलता बोलता काढा.

आता जिम्पमधलं काम. मागे मी एका आजींचं केलं होतं, त्यावरूनच सांगतो म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. जाड काड्यांचा चष्मा, कपाळावर कुंकू, दोन भुवयांच्या मधे आणि हनुवटीवर हिरवट गोंदण, डोक्यावरून पदर. फोटो फोनचा होता, ३००० बाय ४००० ठिपक्यांचा, आणि चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत साधारण १३०० ठिपके. एका डोळ्याचं बुबुळ मोजलं तर आडवं ८० ठिपके भरलं. ही बुबुळाची मोजणी तुम्हीही आधी करा. जिम्पमधल्या `Measure` या टूलने बुबुळाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढलं की खाली आकडा येतो. माणसामाणसात बुबुळाचा आकार जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे फोटो कितीही लहान-मोठा असला तरी पुढची सगळी मापं त्यावरून काढता येतात. इंटरनेटवर "ब्लर २० ठेवा" असं लिहिलेलं असतं ते कुणाच्या तरी दुसऱ्याच फोटोसाठी असतं.

बुबुळ २० ठिपक्यांपेक्षाही लहान भरलं तर डोळे धरून ठेवता येणार नाहीत. मग ए-४ चा हट्ट सोडा आणि पाच बाय सात इंचावर थांबा.

पहिलं काम करडा रंग करणं. `Desaturate` ने होईल, पण मी `Colors > Components > Mono Mixer` वापरतो, कारण तिथे लाल, हिरवा आणि निळा किती घ्यायचा हे आपल्या हातात राहतं. लाल जास्त घेतला तर कातडी नितळ दिसते, पण कुंकू फिकं होऊन कातडीत मिसळून जातं. हिरव्यात कुंकू गडद राहतं आणि चेहऱ्यावरच्या सावल्याही चांगल्या दिसतात. निळ्यात कातडीवरचा प्रत्येक डाग ओरडायला लागतो आणि फोनचा सगळा खरखरीतपणाही त्यातच असतो. त्या आजींसाठी मी लाल ०.४, हिरवा ०.५ आणि निळा ०.१ घेतला. तिन्हीची बेरीज १ ठेवली की उजेड बिघडत नाही.

इथेच अनेक जण आणखी एक चूक करतात. फोटो स्वच्छ करायचा म्हणून डाग घालवणारा फिल्टर लावतात. तसा फिल्टर मी लावून पाहिला तर हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपके गेले. यंत्राला गोंदण, तीळ आणि धूळ यांतला फरक कळत नाही. खूप वर्षांपूर्वी मी एका निवृत्त शिक्षकांच्या जुन्या फोटोवरून काम केलं होतं, आणि नाकाशेजारचा तीळ धुळीचा डाग समजून काढून टाकला. त्यांच्या पत्नी चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी चुकलंय हो, हे नाहीत हे." काय चुकलंय ते त्यांनाही पटकन सांगता येईना. मुलाने तीळ दाखवला तेव्हा सगळ्यांना कळलं. तेव्हापासून मी कुठलाही ठिपका पुसण्याआधी घरच्यांना विचारतो. तुम्ही आजीच्या जवळच्या आहात, तुम्हाला तिचे तीळ ठाऊक आहेत. धूळ असेल तर ती हाताने, एकेक करून `Heal` टूलने काढा.

आता स्केच. मी एकाच धूसरपणावर भागवत नाही, दोन वेगवेगळ्या धूसरपणाची दोन स्केच करतो. एक रेषांसाठी, एक सावल्यांसाठी. सगळी करामत यातच आहे.

करड्या लेयरची प्रत काढा, `Colors > Invert` करा, त्यावर `Filters > Blur > Gaussian Blur` लावा आणि लेयरचा मोड `Dodge` करा. रेषांसाठी ब्लरचा आकडा बुबुळाच्या एक तृतीयांश, म्हणजे त्या फोटोत ८० चा तिसरा हिस्सा, साधारण २५. पडद्यावर स्केच दिसायला लागेल, ॲपसारखंच. आता `Layer > New from Visible` करून त्याचा एक वेगळा लेयर बनवा, त्याला "रेषा" नाव द्या आणि डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारून तात्पुरता लपवा. उलट्या प्रतीचा लेयर काढून टाका. पुन्हा करड्याची नवी प्रत, पुन्हा उलटी, पण या वेळी ब्लर बुबुळाच्या दीडपट, म्हणजे १२०. पुन्हा `Dodge`, पुन्हा `New from Visible`, याला नाव "छटा", आणि ही उलटी प्रतही काढून टाका.

या दोनात फरक काय पडतो ते नाकाच्या सावलीवर बघा. त्या आजींच्या नाकाची उजवी बाजू १०० होती. ब्लर २५ ठेवला तेव्हा आसपासची सरासरी जेमतेम १०४ आली. शंभराला एकशे चाराने भागलं आणि २५५ ने गुणलं की २४५, जवळजवळ पांढरा. ब्लर १२० केला तेव्हा सरासरीत उजेडातला गालही आला आणि ती १२५ झाली. आता उत्तर २०४ येतं. २०४ म्हणजे एचबी पेन्सिल आडवी धरून हलकेच फिरवल्यासारखी छटा. नाकाला एकदम उंची आली. तीच गोष्ट डोळ्यांच्या खोबणीची, खालच्या ओठाखालच्या सावलीची आणि जबड्याच्या कडेची. "छटा" हा लेयर एकटा पाहिलात तर तो स्केच वाटणार नाही, धुकट फोटो वाटेल. ते बरोबर आहे.

सगळं एकावर एक असं रचा. सर्वांत खाली पांढरा भरलेला लेयर. त्यावर मूळ करडा, अपारदर्शकता म्हणजे `Opacity` २० ते २५. त्यावर "छटा", मोड `Multiply`, `Opacity` ५०. सर्वांत वर "रेषा", मोड `Multiply`, `Opacity` ८० ते १००. आजीचा खरा रंग त्या खालच्या करड्यातून परत येतो, तेवढ्यासाठी तो आहे. सावळ्या माणसाला स्केचमध्ये गोरं करून टाकणं मला मुळीच पटत नाही. ते चुकीचं दिसतंच, आणि घरच्यांनाही कुठेतरी खटकतं. त्या आजी चांगल्या सावळ्या होत्या, त्यांच्यासाठी मी करडा ३० पर्यंत नेला. मात्र ३५-४० च्या पुढे गेलात की स्केचपण जातं आणि नुसता फिका फोटो राहतो.

इथे थांबून एक परीक्षा करा. चित्रकलेचे शिक्षक वर्गात सांगतात तीच. डोळे किलकिले करून पडद्याकडे बघा, म्हणजे रेषा विरघळतील आणि फक्त काळे-पांढरे ढीग दिसतील. मग तसंच मूळ फोटोकडे बघा. दोन्हीकडे सावल्यांचे ढीग त्याच जागी आणि जवळपास त्याच आकाराचे दिसले पाहिजेत. डोळ्यांच्या जागी फोटोत अंधार आहे आणि स्केचमध्ये नाही, असं दिसलं तर "छटा" वाढवा. किलकिले डोळे जमत नसतील तर चित्र अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. त्या आकारातही आजी ओळखू आली तर अर्धं काम झालं.

आता सुरकुत्या. "रेषा" लेयरवर उजवी टिचकी मारून `Add Layer Mask` करा, पांढरा मास्क निवडा. मास्कवर काळा रंग लावला की त्या जागची रेषा नाहीशी होते, करडा लावला की फिकी होते. मऊ कडेचा ब्रश घ्या, ब्रशची `Opacity` १५ ठेवा आणि कपाळावरच्या, गालावरच्या आणि गळ्याच्या सुरकुत्यांवरून हळूहळू फिरवा, जोवर त्या पापण्यांच्या रेषेच्या निम्म्यावर येत नाहीत. पुसायच्या मात्र नाहीत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून फाकणाऱ्या बारीक रेषांना तर मी जवळजवळ हातच लावत नाही, आजीचं हसू त्यांच्यातच असतं. नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणारी घडी मात्र फिल्टर दोरीसारखी काळी करून ठेवतो. ती खऱ्या चेहऱ्यावर रेषा नसून उतार असते. तिथली रेषा चांगली ७० टक्के कमी करा, तिची सावली "छटा" मधून येतेच आहे. या एका घडीने चेहरा रागीट किंवा दमलेला दिसतो, म्हणून इथे वेळ द्या.

चष्म्याचंही तसंच. काडीची काळी कड डोळ्यांपेक्षा ठळक झाली की बघणाऱ्याची नजर चष्म्यावरच अडकते. चष्म्याची रेषा तीस-चाळीस टक्के फिकी करा. काचेवर खिडकीचं प्रतिबिंब असेल तर ते स्केचमध्ये बुबुळाला छेदणारी विचित्र रेष होऊन उतरतं, ती मास्कने पूर्ण घालवा.

आणि डोळे. सगळ्या चित्रात सर्वांत काळी जागा बाहुलीची आणि वरच्या पापणीच्या कडेची असली पाहिजे, आणि सर्वांत पांढरा ठिपका बुबुळातल्या चमकेचा. मी एक नवा लेयर घेतो, `Multiply` मध्ये, आणि फक्त बाहुली व वरची पापणी यांवर गडद करड्याने अगदी लहान ब्रश फिरवतो. चमकेसाठी वेगळ्या लेयरवर, साध्या मोडमध्ये, पांढरा ठिपका, तोही फोटोत जिथे आहे त्याच जागी. दोन्ही डोळ्यांत चमक एकाच बाजूला असते. नसलेली चमक मनाने टाकू नका, दोन डोळे दोन दिशांना बघायला लागतात. डोळ्याचा पांढरा भाग कधीच कागदासारखा पांढरा ठेवायचा नाही, त्यावर पापणीची सावली असते. तो पांढरा ठेवला की चेहरा घाबरल्यासारखा दिसतो.

चेहरा झाला की पुन्हा एक परीक्षा: `Image > Transform > Flip Horizontally`. आरशातल्यासारखं उलटं झाल्यावर तिरकेपणा, एका बाजूला जास्त झालेली काळोखी लगेच नजरेत येते. तासभर त्याच चित्राकडे बघून डोळ्यांना त्याची सवय झालेली असते, ती सवय मोडायचा हा साधा उपाय आहे. बघून झालं की परत सुलटं करा. उलटं ठेवून छापू नका. आजीचा तीळ आणि भांग दुसऱ्या बाजूला गेले तर घरचे लगेच ओळखतात.

आता ते पेन्सिलचं वाटण्यासाठी. इथे लोक आडव्या-तिरप्या रेघोट्यांचा फिल्टर सगळ्या चित्रावर मारतात. माझा त्याला विरोध आहे. ४५ अंशांच्या रेघोट्या गालावरून, नाकावरून, डोळ्यांवरून सरळ निघून जातात आणि आपण मेहनतीने आणलेली गोलाई कापून टाकतात. खऱ्या चित्रकाराची पेन्सिल गालावर गालाच्या वळणाने फिरते. ते यंत्राला जमत नाही, म्हणून चेहऱ्यावर रेघोट्या नकोतच. त्याऐवजी कागदाचा पोत घ्या. चित्रकलेच्या दुकानातून कार्ट्रिज पेपरची एक शीट आणा, खिडकीशी अशी धरा की उजेड बाजूने सरपटत येईल, आणि तिचा फोटो काढा. तो करडा करून, उजळवून, सगळ्यांच्या वर `Multiply` मध्ये २० टक्क्यांवर ठेवा. कागदाचे दाणे सावलीत दिसायला लागले की डोळा ते पेन्सिल म्हणून स्वीकारतो.

त्याहून मोठा परिणाम होतो तो अर्धवट सोडण्याने. व्यक्तिचित्र काढणारे चित्रकार चेहरा पूर्ण करतात आणि पदर, खांदे, पार्श्वभूमी दोन-चार रेषांत सोडून देतात. फोटो मात्र काठापासून काठापर्यंत सारखाच भरलेला असतो, आणि ॲपचं चित्र फिल्टर मारलेलं म्हणून ओळखू येतं ते यामुळेच. तिन्ही लेयर एका गटात घ्या, गटाचा मोड `Pass Through` करा, गटाला मास्क लावा आणि मोठ्या मऊ ब्रशने पार्श्वभूमी पूर्ण घालवा. खांदे कडेकडे विरत न्या. पदराचा काठ चेहऱ्याजवळ स्पष्ट आणि खाली येता येता फिका. त्या आजींच्या चित्रात पदराची कड डोक्यावर पूर्ण होती, खांद्यावर अर्धी होती आणि छातीशी नुसतीच सुचवलेली होती.

कुंकवाचा रंग ठेवायचा का, हा प्रश्न त्या घरच्यांनीही विचारला होता. मी ठेवला. मूळ रंगीत फोटोची प्रत वर घेऊन काळ्या मास्कमधून फक्त कुंकू उघडलं, ६० टक्क्यांवर, म्हणजे रंगीत पेन्सिलने टेकवल्यासारखं वाटावं. पण मग बाकी काहीही रंगीत नको. ओठ, बांगड्या, साडीचा काठ असं एकेक उघडत गेलं की चित्र फसतं.

आता पेंटिंगबद्दल. रंगीत परिणामात चेहरा सांभाळणं जास्त अवघड, कारण तिथे ब्रशचा फटकारा मोठा असतो आणि तो डोळ्यातली चमक गिळून टाकतो. तरी करायचंच असेल तर तत्त्व हेच: सगळीकडे एकच माप वापरायचं नाही. `Filters > Artistic > Oilify` दोन प्रतींवर वेगवेगळा लावा. साडी आणि पार्श्वभूमीसाठी `Mask Radius` १४-१६, चेहऱ्यासाठी ४. चेहऱ्याची प्रत वर ठेवून मास्कने फक्त चेहरा उघडा, आणि त्याच्याही वर मूळ फोटोतले डोळे, नाकपुड्या आणि ओठांची मधली रेषा ६० टक्क्यांवर. फिल्टर लावण्याआधी रंगांचा भडकपणा दहा-पंधरा टक्के कमी करा, नाहीतर आपल्याकडच्या गव्हाळ कातडीवर नारिंगी चट्टे पडतात. कुणी फोटोशॉपमधलं `Oil Paint` वापरत असेल तर चेहऱ्यावर `Shine` शून्याजवळ ठेवा. त्या चमकेने प्रत्येक सुरकुती उठून कोरीव दगडासारखी दिसते.

छपाईआधी एक गोष्ट: शिसपेन्सिल कधीच पूर्ण काळी नसते. सगळ्यांच्या वर `Layer > New from Visible` करून एक लेयर बनवा आणि त्यावर `Colors > Levels` मध्ये `Output Levels` चा डावा आकडा ० वरून ३० वर आणा, म्हणजे सर्वांत काळी जागाही गडद करडी होईल. उजवा आकडा २५५ वरून २५० करा. ए-४ साठी ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ ठिपके लागतात, तुमचा फोनचा मूळ फोटो तेवढा पुरेल. २०० डीपीआयपेक्षा खाली जाऊ नका. कागद मॅट घ्या, चकचकीत फोटो पेपरवर पेन्सिल खोटी वाटते. आणि पूर्ण ए-४ छापण्याआधी फक्त चेहऱ्याचा भाग चार बाय सहावर छापून आणा. रंगीत फोटो छापणाऱ्या मशीनवर करडा रंग कधी हिरवट, कधी गुलाबी उतरतो, आणि ते पडद्यावर कळत नाही. ती प्रिंट दिवसाच्या उजेडात बघा. रंग झाक मारत असेल तर चित्राला मुद्दामच किंचित उबदार, तपकिरी करडा रंग द्या. मग थोडी झाक आली तरी ती खटकत नाही.

तीच छोटी प्रिंट घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने हे काम होताना पाहिलेलं नाही आणि जो आजीला रोज बघतो. "ओळख कोण" असं विचारू नका, नुसती हातात द्या आणि तो पहिलं काय बोलतो ते ऐका. "अरे, आजी!" आलं तर पुढे जा. "छान झालंय स्केच" आलं तर परत डोळ्यांकडे आणि नाकाजवळच्या त्या घडीकडे वळा. त्या आजींच्या नातीने पहिल्या वेळी मला "छान झालंय" असंच म्हटलं होतं. घडी आणखी फिकी केली, डाव्या डोळ्याखालची सावली जरा वाढवली, आणि दुसरी प्रिंट तिने बघितली तेव्हा ती काही न बोलता आतल्या खोलीत आईला दाखवायला घेऊन गेली.

फ्रेम करताना चित्राभोवती दोन इंचांचा पांढरट मौंट घालायला सांगा, म्हणजे काच कागदाला चिकटणार नाही. पावसाळ्यात काचेला चिकटलेली प्रिंट नंतर सोडवताना शाईसकट निघते.